चाराचा आठ

माझ्या थोरल्या जावेचा अंगठा ती असताना मी कधी नीट बघितला नव्हता. ती गेल्यावर मात्र रोज बघत बसले. तिने काढलेल्या प्रत्येक फोटोत डाव्या कोपऱ्यात खाली तो यायचाच, कागद उडू नये म्हणून दाबून धरलेला. नखावरचा लाल रंग अर्धा उडालेला, मागे हिरव्या बांगड्यांची कड. कागदावर काय लिहिलंय ते वाचणं हे माझं काम होतं, पण नजर आधी त्या कोपऱ्यात जायची आणि तिथेच अडकायची.

ती भिवंडीतल्या एका धर्मादाय दवाखान्यासाठी काम करायची. पॉवरलूमच्या गल्ल्यांमधून आणि आसपासच्या गावांतून दारोदार फिरायचं, गरोदर बाया शोधायच्या, त्यांचं वजन, रक्तदाब, नाडी बघायची, बोटाला सुई टोचून छोट्या मशीनवर हिमोग्लोबिन मोजायचं आणि सगळं एका छापील फॉर्मवर पेनाने लिहायचं. संध्याकाळी त्या फॉर्मांचे फोटो काढून ठेवायचे आणि फेरी संपली की सगळे दवाखान्याच्या ग्रुपवर टाकायचे. आमच्या घरात यावरून तिची चिक्कार चेष्टा व्हायची. जमिनी गोदामांना भाड्याने देऊन घरातले पुरुष गाड्या फिरवत होते आणि थोरली सून स्कुटीवरून लोकांच्या बोटांना सुया टोचत हिंडत होती. मीही तिला चिडवायचे. ती म्हणायची, "तू गोदामातली खोकी मोज, मी बाया मोजते."

एका सकाळी ती स्कुटी घेऊन बाहेर पडली आणि बायपासवर एका कंटेनरने तिला उडवलं. पिशवीतले कागद रस्त्याभर झाले आणि नंतर कुणाला ते गोळा करायचं सुचलं नाही. मोबाईल तेवढा पोलिसांनी परत दिला, काच तडकलेला. सासूबाईंनी तो रुमालात गुंडाळून कपाटात तिच्या साड्यांखाली ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. थोरले दीर तेव्हा जेवायलाही आमच्यात बसत नव्हते.

महिना उलटून गेल्यावर दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंचा मला फोन आला. जावेच्या शेवटच्या फेरीचे फॉर्म त्यांच्याकडे पोचलेच नव्हते. कागद गेले, पण फोटो तिने काढले असतील तर मोबाईलमध्ये असतील, असं त्या चाचरत म्हणाल्या. फोटोंवरून आकडे काढून तक्त्यात भरायला कुणीतरी हवं होतं, आणि हे काम मला येतं हे जावेनेच त्यांना कधीतरी सांगितलं होतं.

काम मला येत होतं ते दापोड्यामुळे. तिथल्या एका गोदामाच्या ऑफिसात मी काही वर्षं होते. ट्रक माल उतरवून देतो, घेणारा पोच पावतीवर किती नग मिळाले ते लिहून सही करतो, ड्रायव्हर त्या पावतीचा फोटो पाठवतो. पूर्वी आम्ही डोळे फोडून ते वाचायचो. मग फोटो वाचणारं एआय मॉडेल आलं. फोटो द्यायचा, ते सगळे रकाने वाचून तक्ता भरून देतं. मराठी, हिंदी, इंग्रजी, कसंही लिहा. आमचे मॅनेजर इतके खूश झाले की आता तुम्ही फक्त चहा प्या म्हणाले. त्यांना चहा लखलाभ. मला पहिल्याच आठवड्यात कळलं की या मॉडेलला एक वाईट खोड आहे. एखादा आकडा नीट दिसला नाही तर ते बहुतेकदा तसं सांगत नाही. त्या जागी शोभेल असा आकडा लिहून मोकळं होतं, आणि तोही अगदी सुवाच्य. हाच फोटो पुन्हा दिला तर बऱ्याचदा तीच चूक पुन्हा करतं, त्यामुळे दोनदा विचारून एकच उत्तर आलं म्हणजे ते खरं, असंही नाही. पावत्यांवर आमचा जीव वाचायचा तो बेरजेमुळे. वरच्या ओळींतल्या साताचा एक झाला की खालची एकूण संख्या जुळत नाही आणि चोर सापडतो.

मी सासूबाईंकडे कपाटाची किल्ली मागितली. त्यांनी काही न विचारता दिली, याचंच जास्त वाईट वाटलं. मोबाईल स्वयंपाकघराच्या ओट्यावर चार्जिंगला लावला आणि चालू केला. काही क्षण गप्प होता. मग तो थरथरायला लागला. बंद असताना ज्यांनी ज्यांनी फोन केले होते त्यांचे निरोप एकामागून एक येत होते आणि मोबाईल ओट्याच्या दगडावर स्वतःच सरकत चालला होता. सासूबाई दारात उभ्या राहिल्या.

"बंद कर गो तो. मना वाटतं, तीच आलीय."

"काम आहे आई. दवाखान्याचं."

"तिचं काम संपलं ना? मग आता कसलं काम हाय?"

मोबाईल ओढणीत गुंडाळून मी माझ्या खोलीत नेला. खरं सांगायचं तर मलाही भीती वाटत होती. मेलेल्या माणसाच्या मोबाईलवर आपल्या बोटाने पासवर्ड टाकायचा आणि तो उघडतो, यात काहीतरी अभद्र आहे असं मला वाटलं, अजूनही वाटतं. पासवर्ड मला माहीत होता. आम्हा दोघींचा एकच होता, एकमेकींपासून लपवायला आहे काय, असं ती म्हणायची.

फोटो होते. शेवटच्या फेरीचे सगळे, सरळ, एकाखाली एक, प्रत्येकात तो अंगठा. ते मी दवाखान्याच्या लॅपटॉपवर घेतले आणि मॉडेलला द्यायला सुरुवात केली. इथे पावतीसारखी बेरीज नव्हती. वजन आणि नाडीची बेरीज कुणी करत नाही. म्हणून मी दुसरी काठी घेतली. वय कुठून कुठपर्यंत असू शकतं, वजन किती, हिमोग्लोबिन किती, याच्या मर्यादा तक्त्यात घालून ठेवल्या. आकडा त्याबाहेर गेला की तो चौकोन लाल होईल.

तक्ता भरत गेला. मी एकेक फॉर्म फोटोशी ताडून बघत होते, निदान तसं माझ्या मनात होतं. पण तिचं अक्षर दिसलं की वाचायच्याऐवजी मी ऐकायलाच लागायचे. तिचा 'ज' वेलांटीत पाय अडकून पडल्यासारखा असायचा. पत्त्यात ती 'सायझिंगच्या मागे' असं लिहायची, म्हणजे सुताला खळ लावणाऱ्या कारखान्याच्या मागे, आणि पुढे 'नळाजवळ विचारा'. मी ते मनात तिच्या आवाजात वाचायचे आणि मग मागे वळून बघायचे. दार उघडंच असायचं. कुणी नसायचं.

सगळं झाल्यावर मी डॉक्टरबाईंना तक्ता दाखवला. हिमोग्लोबिन सातच्या खाली गेलं की त्यांच्याकडे गंभीर धरतात, त्या बाईला लगेच बोलावून घ्यायचं असतं. तक्त्यात सातच्या खाली कुणीच नव्हतं. मला हलकं वाटलं. म्हटलं, चला, बाईसाहेबांनी शेवटची फेरी तरी शुभ केली. डॉक्टरबाई मात्र चष्मा वर करून तक्त्याकडे बघत राहिल्या.

"एवढ्या गल्ल्यांत एकही नाही? दर फेरीला दोन-तीन तरी निघतात."

"आकड्यात तर नाहीये."

"हो, आकड्यात नाहीये," त्या म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला आत घेतलं.

तक्त्यात एकच चौकोन लाल होता. वय 89, महिना पाचवा. मी तिथेच बाकावर बसून हसले. जाऊ असती तर तिला आठवडाभर पिडलं असतं, कुठल्या आजीबाईला दिवस गेले म्हणून. फोटो उघडला. तिथे ४१ लिहिलेलं होतं. मराठीत. मराठी चार घाईत लिहिला, वरची दोन टोकं जवळ आली, की इंग्रजी आठ दिसतो. मराठी एक तर पुष्कळदा इंग्रजी नऊच वाटतो. दापोड्याला गावाकडच्या पावत्यांवर ही गंमत मी किती वेळा पकडली होती. चौकोनात 41 लिहिलं आणि लाल रंग गेला.

हसू मात्र पुढे सरकेना. कारण जाऊ मराठी आकडे लिहीत नसे. दवाखान्याच्या ट्रेनिंगमध्ये आकडे इंग्रजीतच लिहा असं बजावलेलं होतं आणि ती ते घरच्या दुधाच्या हिशेबातसुद्धा पाळायची. त्याच फॉर्मवर वजन इंग्रजीत होतं, तारीख इंग्रजीत होती. मग वय तेवढं मराठीत का?

आणि मग मला सासऱ्यांचा ताप आठवला. ते आजारी होते तेव्हा ती दर थोड्या वेळाने ताप मोजून फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर लिहायची. 99, 100, 100, सगळं वळणदार इंग्रजी. ताप चढायला लागला तसं तिचं अक्षर हललं आणि खाली लिहिलेलं होतं १०३, मग १०४. तेव्हा आम्ही तिची टर उडवली होती, बाई घाबरली की जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन बसते म्हणून. ती म्हणाली होती, "घाबरल्यावर इंग्रजी आठवायला मी काय मडम आहे?"

एक्केचाळिसाव्या वर्षी दिवस गेलेली बाई बघून ती घाबरली होती. म्हणून हात शाळेत गेला. आता पुढचं मला नको असतानाही समजत होतं. ती घाबरेल ते आकडा वाईट असेल तेव्हाच. घाबरली की आकडा मराठीत पडणार. मराठी चाराचा मॉडेल आठ करणार. चार हा हिमोग्लोबिनमध्ये मरणाच्या वाटेवरचा आकडा आणि आठ म्हणजे लोहाच्या गोळ्या घ्या, महिन्याने या. जिथे जिथे बातमी वाईट होती तिथे तिथेच तक्ता चांगला दिसणार होता, आणि मर्यादेची माझी काठी तिथे काही कामाची नव्हती, कारण आठ हा अगदी घरंदाज आकडा आहे.

तक्त्यात जिथे आठ किंवा नऊ होता ते सगळे फोटो मी एकेक करून मोठे करून बघितले. बहुतेक खरेच आठ होते, तिचे ते गोल इंग्रजी आठ, दोन लाडू एकावर एक ठेवल्यासारखे. मग एक फॉर्म आला. बाई तेवीस वर्षांची, सहावा महिना संपत आलेला, पत्ता सायझिंगच्या मागच्या चाळीचा. वजन 48, इंग्रजीत. नाडी 118, इंग्रजीत. त्याच्या खाली हिमोग्लोबिन. तक्ता म्हणत होता 8.8. फोटोत दोन्ही आकड्यांची डोकी उघडी होती.

मी तो चौकोन कापून मॉडेलला दिला. 8.8. मग अख्खा फॉर्म दिला आणि सांगितलं की यात मराठी आणि इंग्रजी दोन्ही आकडे असू शकतात, बदलू नकोस, जसे दिसतात तसेच उतरव. तेव्हा ते म्हणालं, ४.४. पण त्यावरही विसंबायची सोय नव्हती. मराठी असू शकतात असं मीच त्याच्या कानात सांगितलं होतं, म्हणून हो ला हो केलं असेल तर? मी लॅपटॉप तसाच उचलून डॉक्टरबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्याच फॉर्मवरचा 48 मधला आठ आणि 118 मधला आठ त्यांना दाखवला आणि मग हा खालचा. त्यांनी आकड्याकडे बघितलंच, पण बोट नाडीवर ठेवलं.

"बसलेल्या बाईची नाडी एकशे अठरा. रक्त नसलं की हृदय असं पळतं," त्या म्हणाल्या. "हा चार आहे. हिला शोधा."

एवढं बोलून त्या उठल्या आणि रक्ताची सोय असलेल्या मोठ्या इस्पितळात फोन लावायला बाहेर गेल्या. महिन्याच्या वर होऊन गेला होता. ती बाई आता आठव्यात असणार, असलीच तर.

फोन नंबर फॉर्मच्या अगदी तळाशी होता, हिमोग्लोबिनच्याही खाली, म्हणजे ती घाबरल्यानंतर लिहिलेला. दहा आकडे आणि त्यात मराठी-इंग्रजीची खिचडी. तक्त्यातला नंबर लावला तर अस्तित्वातच नाही असं ऐकू आलं. त्यात दोन नऊ असे होते की ते एकही असू शकत होते, आणि एका नवावर नेमकी पेनाची शाई पसरलेली. मोबाईल नंबरला बेरीज नसते. कुठलाही आकडा बदला, तो दुसऱ्या कुणाचा तरी नंबर होतो. एक आकडा बदलून लावला तर पलीकडे कुणीतरी "कौन चाहिए?" म्हणून खेकसलं आणि ठेवून दिलं.

मग मला ओट्यावर सरकत गेलेला तो मोबाईल आठवला. तो पर्समध्येच होता. बंद असताना आलेल्या फोनांचे निरोप मी वाचलेच नव्हते, मला ते वाचवत नव्हते. आता उघडले. नातेवाईक होते, दवाखाना होता, माझा स्वतःचाही नंबर होता, त्या सकाळचा. आणि एक नाव नसलेला नंबर होता जो पुन्हा पुन्हा आला होता. ती गेली त्या दिवशी दुपारी, दुसऱ्या दिवशी, मग तिच्या दहाव्याच्या सुमाराला, मग अधूनमधून, अगदी गेल्या आठवड्यापर्यंत. मी फोटोतला नंबर त्याच्या शेजारी धरला. ज्या दोन जागांवर माझा संशय होता तिथे दोन्हीकडे एक होता. बाकीचे आठही आकडे जुळत होते.

मी तिच्याच मोबाईलवरून लावला. का, ते मला सांगता येणार नाही. कदाचित हात तिथेच होता म्हणून. पहिल्याच रिंगला उचलला गेला आणि पुरुषाचा आवाज आला.

"बोला ताई. किती फोन लावले तुमाला. बंदच येतो."

त्या माणसासाठी त्या क्षणी ती जिवंत होती. मोबाईलच्या पडद्यावर तिचं नाव उमटलं होतं आणि ती त्याच्याशी बोलणार होती. मी ते मोडू कसं, असं मला वाटून गेलं, आणि त्याच वेळी मला तिचा हेवाही वाटला, की अजून कुणीतरी आहे ज्याच्यासाठी ती गेलेली नाही.

"मी त्यांच्या घरून बोलतेय," मी म्हणाले. "तुमची बायको कशी आहे?"

"हाय घरी. पाय सुजलेत. दोन पावलं चालली का दम लागतो. मी लोडिंगला हाय पडघ्याच्या गोदामात, संध्याकाळशिवाय येता येत न्हाय."

"आत्ता निघा. सरळ इस्पितळात या. आम्ही तिला घेऊन जातोय."

त्याने कारण विचारलं नाही. ताईंच्या घरचं माणूस सांगतंय एवढं त्याला पुरलं असावं.

दवाखान्याच्या गाडीतून मी आणि एक नर्स गेलो. सायझिंगच्या मागची गल्ली शोधायला वेळ लागला नाही, नळाजवळ विचारलं. दोन्ही बाजूंना लूम चालू होते आणि त्या खडखडाटात माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलत होती. मला सारखं वाटत होतं की ती आत्ताच इथून गेलीय, पुढच्या वळणावर तिची स्कुटी दिसेल. गल्लीतल्या तीन बायांनी मला थांबवून विचारलं, ताई का येत नाहीत. मी उद्या सांगते म्हणून पुढे सरकले.

ती बाई उंबऱ्यावर बसलेली होती, भिंतीला टेकून. मी आजपर्यंत कुठल्या जिवंत माणसाचे ओठ इतके पांढरे बघितले नव्हते. शेजारची एक बाई तिला पंख्याने वारा घालत होती.

"बाजी, ये अब चल भी नहीं पाती," ती नर्सला म्हणाली. "मैं बोलती थी अस्पताल जा, सुनती ही नहीं."

ती बाई माझ्याकडे बघत होती, पण माझ्या चेहऱ्याकडे नाही. माझ्या खांद्यावरून मागे, गल्लीच्या तोंडाकडे.

"ताई न्हाय आल्या?" तिने विचारलं.

"मी त्यांची जाऊ," मी म्हणाले. "चल, हात दे."

इस्पितळात पुन्हा मोजलं तेव्हा आकडा चाराच्याही खाली गेलेला होता. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की एकदम रक्त देता येणार नाही, हृदयाला झेपणार नाही, हळूहळू द्यावं लागेल. पोटातलं बाळ आहे, ठोके आहेत, पुढचं पुढे. तिचा नवरा आला तो अंगावर गोदामाची धूळ घेऊनच, आणि खाटेच्या पायाशी नुसता उभा राहिला. मीही बाहेरच्या बाकावर थांबले. घरून फोन आले, मी घेतले नाहीत. मला राग आला होता. कुणाचा ते सांगता येत नाही. मॉडेलचा नाही, त्याला काय कळतंय. मला वाटतं जावेचाच आला होता, तिने त्याच संध्याकाळी दवाखान्यात एक फोन का केला नाही म्हणून. नियम तसा होता. सगळ्या जगाला नियम शिकवणारी ती, आणि फॉर्मवर 'पुढे पाठवले' हा चौकोन कोराच ठेवून गेली होती.

रक्ताच्या दोन बाटल्या चढल्यावर तिसऱ्या दिवशी तिच्या ओठांना रंग आला. डॉक्टरबाईंचा निरोप होता की उरलेले फॉर्मही मी तसेच पुन्हा तपासावेत, आणि मी ते केलं. प्रत्येक फॉर्म मॉडेलला दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी वाचायला दिला, जिथे उत्तरं वेगळी आली तिथे थांबले, आणि जिथे जुळली तिथेही आकड्यांची डोकी उघडी आहेत की बंद ते स्वतः बघितलं. आणखी दोघी निघाल्या. त्या चाराच्या नव्हत्या, टिंबापुढच्या मराठी साताचा इंग्रजी सहा झालेल्या होत्या, म्हणजे तक्त्यात होत्या त्याहून किंचित बऱ्याच. त्यांना बघून ती कशाला घाबरली होती ते मला कधीच कळणार नाही.

त्या संध्याकाळी मी इस्पितळात गेले ते पेज घेऊन. सासूबाईंनी दिली होती. तिने उठून बसून थोडी खाल्ली. नवरा कामावर परत गेला होता. मी ठरवूनच गेले होते की आज तिला खरं काय ते सांगायचं. पण तिनेच आधी बोलायला सुरुवात केली.

"ताईंनी सुई टोचली न मशीनकडं बगतच रायल्या," ती म्हणाली. "मी इचारलं काय झालं, तर म्हनल्या, काय न्हाय, उद्या सकाळी मी सोता येते न तुला गाडीवरून घेऊन जाते. एकटी जाऊ नको, तुला कुणी दारात उभं करनार न्हाय. मी आल्याबिगर इथून हलू नको."

मी पेजेचं भांडं खाली ठेवलं. त्या सकाळी चहासुद्धा न घेता ती इतक्या लवकर कुठे निघाली होती ते मला आत्ता कळत होतं.

"मालक रोज म्हनायचे चल दवाखान्यात. शेजारची पण म्हनायची. मी म्हनलं, ताई येतील न मी घरात नसले तर? त्यांचं वाईट वाटंल ना." ती थोडा वेळ दम घेत राहिली. मग तिने माझा हात धरला. तिचा हात आता गरम होता. "त्यांना तेवढं सांगा, मी कुठं गेले न्हवते. रोज उंबऱ्यातच बसून होते."

"सांगते," मी म्हणाले.